तीन चुका की कुलूप: ठाण्यातल्या एका पतसंस्थेच्या पोर्टलचं प्रकरण

(संस्थेची ओळख पटू नये म्हणून ठिकाणं आणि आकडे थोडे बदलले आहेत. तांत्रिक भाग जसा घडला तसाच आहे.)

पार्श्वभूमी

ही पगारदारांची सहकारी पतसंस्था. मुख्य कार्यालय नौपाड्यात, शाखा कळव्याला आणि ऐरोलीला. सभासद साधारण नऊ हजार. त्यातले बरेचसे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत काम करणारे किंवा तिथून निवृत्त झालेले. पोर्टलवर शिल्लक, कर्जाचे हप्ते आणि लाभांश दिसायचा. पोर्टलवरून बदलता येण्यासारखी गोष्ट एकच होती: लाभांश कोणत्या बँक खात्यात जमा व्हावा, त्याचा अर्ज.

लॉगिनला सभासद क्रमांक आणि पासवर्ड. क्रमांक एकापासून ओळीने दिलेले, त्यामुळे कोणाचाही क्रमांक शोधावा लागत नव्हता. मोजता येणारा माणूस पुरेसा होता. पोर्टल सुरू झालं तेव्हा प्रत्येकाला क्रमांकापुढे `@123` जोडून पहिला पासवर्ड दिला होता आणि तो बदलण्याची सक्ती नव्हती. आणि एक नियम होता, ज्याचा संस्थेला अभिमान होता: तीनदा पासवर्ड चुकला की खात्याला कुलूप, आणि ते शाखेत आल्याशिवाय उघडायचं नाही.

वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेत लाभांश मंजूर होतो आणि दिवाळीपर्यंत जमा होतो. वर्षभर पोर्टलकडे न फिरकणारे सभासद याच काळात येतात, आणि पासवर्ड विसरूनच येतात. हे ध्यानात ठेवावं लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय या एका हंगामाभोवती फिरले.

काय घडलं

सभेनंतरच्या सोमवारी सकाळी तिन्ही शाखांसमोर रांगा लागल्या. रात्रीत सुमारे अडीच हजार खाती बंद पडली होती. कळवा शाखेतले एक निवृत्त गृहस्थ काउंटरवर विचारत होते, “अहो, महिनाभरात मी साइट उघडलीसुद्धा नाही. मग तीनदा चुकलो कधी?” प्रश्न बिनतोड होता.

काउंटरवरच्या ताईंनी जे नेहमी करायच्या तेच केलं. कुलूप काढायचं म्हणजे पासवर्ड नव्याने द्यायचा, आणि तो सभासदाच्या लक्षात राहावा म्हणून जन्मतारीख द्यायची. गर्दी वाढली तशी फोनवरूनही कुलपं निघू लागली. ओळख म्हणून काय विचारायचं? सभासद क्रमांक आणि जन्मतारीख. दुपारपर्यंत काहीशे खात्यांचा पासवर्ड आठ आकडी जन्मतारीख झाला होता. वीस ते सत्तर वयाचा माणूस धरला तर अशा तारखा साधारण 18,250 भरतात. नेम धरून अंदाज करणाऱ्याला ही संख्या काहीच नाही.

दुपारी सचिवांनी आम्हाला बोलावलं. आमचं काम महापेतून चालतं. पोर्टल दुसऱ्याच कंपनीने बांधलेलं होतं. पहिली मागणी आमचीच होती: फोनवरून कुलूप काढणं आत्ता थांबवा. सचिव नाराज झाले, पण त्यांनी थांबवलं.

लॉग काय सांगत होते

वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळ्या विनंत्या एकाच आयपी पत्त्यावरून आलेल्या दिसत होत्या. तो पत्ता हल्लेखोराचा नव्हता, बाहेरच्या विनंत्या आधी स्वतःकडे घेऊन सर्व्हरकडे पाठवणाऱ्या, संस्थेच्याच लोड बॅलन्सरचा होता. डेव्हलपरने सांगितलं की वर्षभरापूर्वी त्याने दर आयपीला मिनिटाला ठरावीक विनंत्यांची मर्यादा लावली होती, पण पाच मिनिटांत सगळ्यांनाच अडवू लागल्यामुळे काढून टाकली. कारण हेच होतं. मर्यादा सगळ्या सभासदांची मिळून एका पत्त्यावर मोजली जात होती.

मूळ पत्ता `X-Forwarded-For` या हेडरमध्ये येतो, पण तो डोळे मिटून घेता येत नाही. त्या यादीचा डावीकडचा भाग पाठवणारा स्वतः हवा तसा लिहू शकतो. आपल्या लोड बॅलन्सरने जोडलेली सगळ्यात उजवीकडची नोंद तेवढी खरी. लोड बॅलन्सरचे स्वतंत्र लॉग सुदैवाने चालू होते, त्यातून खरे पत्ते मिळाले.

त्यात दोन वेगळ्या हालचाली दिसल्या. एक गोंगाटाची: रविवारी रात्री क्रमांक एकपासून ओळीने, प्रत्येक खात्यावर तेच तीन पासवर्ड, पंचवीस-तीस पत्त्यांवरून. एका खात्यावर हजार पासवर्ड मारण्याऐवजी हजार खात्यांवर एकच पासवर्ड मारायचा, ही जुनी रीत आहे. खात्यामागे प्रयत्न मोजणारा नियम तिला पकडू शकत नाही. इथे तिसऱ्या प्रयत्नाने कुलूप लागत गेलं. हल्लेखोराला ते हवं होतं की नाही कोण जाणे, पण नियमाने त्याच्या वतीने अडीच हजार सभासदांना घराबाहेर काढलं.

दुसरी हालचाल शांत होती आणि चार दिवस आधीपासून चालू होती. मोजक्या खात्यांवर पंधरा-वीस प्रयत्न झाले होते, तरी कुलूप नाही. नोंदी अशा होत्या:

```
482      चूक
482      चूक
0482     चूक
0482     चूक
00482    चूक
00482    बरोबर
```

पोर्टल पायथॉनमध्ये होतं. चुका मोजताना टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा किल्ली म्हणून वापरला जाई, पण खातं शोधताना तोच मजकूर `int()` मधून जाऊन आकडा होई. मोजणाऱ्याच्या लेखी `482` आणि `0482` हे दोन सभासद. डेटाबेसच्या लेखी एकच. प्रत्येक रूपावर दोनच प्रयत्न करून पुढचं शून्य लावलं की तीनाचा नियम कधी जागाच होत नाही. आम्ही चाचणी घेतली तेव्हा आणखी एक वाट निघाली: `int()` देवनागरी अंकही मुकाट घेतो. `४८२`, `4८2`, मागे-पुढे मोकळी जागा असलेला क्रमांक, सगळे त्याच खात्यावर पोहोचत होते. मराठी कीबोर्ड ठेवणारे सभासद अनेकदा देवनागरी अंक टाइप करतात, त्यामुळे ते नाकारायचे नव्हतेच. मोजण्याआधी एका रूपात आणायचे होते.

या शांत वाटेने अकरा खाती उघडली गेली होती. सगळ्यांचा पासवर्ड पहिल्या दिवशी दिलेलाच होता. दोघांच्या नावाने बँक खातं बदलण्याचा अर्जही आला होता. तो अर्ज शाखेत कागदावर सही घेऊनच मंजूर होतो, म्हणून पैसे वाचले. दोन्ही हालचालींमागे एकच माणूस होता की दोन, ते ठरवता आलं नाही.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. खाती उघडली गेल्याचं सिद्ध होताच संस्थेने कळवलं. त्याच निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलं आहे. लोड बॅलन्सरचे लॉग तोवर तीस दिवसांनी पुसले जात होते.

तोललेले पर्याय

सचिवांचं मत सरळ होतं: “तीनाचे दहा करा, अर्ध्या तासाने आपोआप उघडू द्या, विषय संपवा.” यात तथ्य आहे. कार्ड व्यवहारांचं पीसीआय डीएसएस हे मानकसुद्धा चौथ्या आवृत्तीपासून दहा चुका आणि तीस मिनिटांचं कुलूप असंच म्हणतं. रांगा नक्कीच कमी झाल्या असत्या. पण ज्याला संस्थेची दिवाळी खराब करायची आहे तो दर अर्ध्या तासाला खात्यामागे दहा चुका करून सगळ्यांना कायमचं बाहेर ठेवू शकतो. कुलपाची चावी परक्याच्या हातात तशीच राहते.

फक्त आयपीवर मर्यादा घालण्याची दोन अंगांनी अडचण होती. ऐरोलीजवळच्या एका कारखान्यातले शेकडो सभासद जेवणाच्या सुट्टीत एकाच पत्त्यामागून येतात. मोबाइल कंपन्याही हजारो ग्राहकांना एका आयपीव्ही4 पत्त्यामागे बसवतात. तिथे कडक मर्यादा म्हणजे निरपराध्यांना शिक्षा. उलट आयपीव्ही6 वर एकाच घराला पत्त्यांचा अख्खा `/64` गट मिळतो. तिथे एकेक पत्ता मोजला तर हल्लेखोर प्रत्येक प्रयत्नाला नवा पत्ता घेऊन येतो. मोजायचा असेल तर गट मोजावा लागतो.

प्रत्येक लॉगिनला कॅप्चा हा पर्याय डेव्हलपरला आवडला होता. साठीच्या पुढच्या सभासदांसाठी तो पासवर्डपेक्षा अवघड, आणि पैसे देऊन सोडवून घेणाऱ्यांसाठी सोपा. प्रत्येक लॉगिनला ओटीपी व्यवस्थापकांना हवा होता. पण निवृत्तांपैकी अनेकांचे नोंदवलेले मोबाइल क्रमांक कंपनीने दिलेले, आता दुसऱ्याच कोणाकडे गेलेले. सरसकट ओटीपी लावला असता तर त्यातल्या प्रत्येकाला शाखेत यावं लागलं असतं.

या सगळ्या चर्चेत “किती चुका?” हा एकच प्रश्न फिरत होता. आमचं म्हणणं असं पडलं की आधी चूक कोणाच्या नावावर मांडायची ते ठरवा. मालकाच्या नेहमीच्या फोनवरची चूक आणि कुठल्याशा अनोळखी यंत्रावरची चूक एकाच हिशेबात टाकली, म्हणून परक्याच्या चुकांची शिक्षा मालकाला झाली.

काय केलं

आधी दोन तातडीच्या गोष्टी. सभासद क्रमांक आत येताच त्यातली मोकळी जागा काढायची, देवनागरी अंक बदलायचे, पुढची शून्यं गाळायची, आणि मोजणी व शोध दोन्ही त्याच रूपावर करायचे. मग, पहिला पासवर्ड किंवा जन्मतारीख अजून तशीच असलेली खाती शोधली. पासवर्ड बिक्रिप्ट या उलट न फिरवता येणाऱ्या पद्धतीने साठवलेले होते, त्यामुळे ते वाचता येत नव्हते. पण प्रत्येक सभासदासाठी हे दोन पर्याय आपणच तपासून पाहता येतात. अशा सगळ्यांना पुढच्या लॉगिनला ओटीपी आणि नवा पासवर्ड सक्तीचा केला. ज्यांचा मोबाइल क्रमांक जुना होता त्यांना शाखेत यावं लागलं. नव्या पासवर्डात क्रमांक, जन्मतारीख, संस्थेचं नाव आणि नेहमीचे हजारभर पासवर्ड नाकारले.

मग मोजणी तीन हिशेबांत विभागली.

पहिला हिशेब ओळखीच्या यंत्राचा. एकदा यशस्वी लॉगिन झालं की ब्राउझरला एक सही केलेली कुकी द्यायची: या यंत्रावरून हा सभासद पूर्वी आत आला आहे. ती चोरून दुसऱ्या खात्यावर चालू नये म्हणून तिच्यात सभासद क्रमांक बांधलेला. या यंत्रावर दहा चुका झाल्या तर फक्त त्याच यंत्राने पंधरा मिनिटं थांबायचं. ही कुकी पासवर्डाची जागा घेत नाही. ती एवढंच ठरवते की चूक कोणत्या वहीत लिहायची.

दुसरा हिशेब त्या खात्यावरच्या सगळ्या अनोळखी यंत्रांचा एकत्र. पाच चुकांपर्यंत काही नाही. पुढे तीस सेकंद, एक मिनिट, दोन, चार असं दुप्पट होत एक तासापर्यंत. म्हणजे सुरुवातीचे बारा प्रयत्न तासाभरात संपतात आणि मग दिवसाला जास्तीत जास्त चोवीस. त्या 18,250 तारखा या वेगाने तपासायला दोन वर्षांहून अधिक लागतील. तेवढंही जाऊ द्यायचं नव्हतं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं एका खात्यावर सलग चुकांची कमाल मर्यादा शंभर ठेवतात. तीच घेतली: शंभर झाल्या, साधारण चार दिवसांत होतात, की अनोळखी यंत्रावरून नुसत्या पासवर्डाने आत येणं बंद. वेळ गेला म्हणून हा आकडा पुसला जात नाही, आणि मालकाने आपल्या फोनवरून लॉगिन केलं म्हणूनही नाही. नाहीतर मालक रोज आत येईल आणि हल्लेखोराला रोज नवा कोटा मिळेल.

या थांबण्याच्या काळात मालक नव्या फोनवर असेल तर? त्याला ओटीपीचा दरवाजा उघडा ठेवला. त्या दरवाजालाही मर्यादा हवीच: एका ओटीपीवर तीन प्रयत्न, तासाला तीन आणि दिवसाला सहा ओटीपी. नाहीतर सहा आकडी ओटीपीचाच अंदाज सुरू होतो, शिवाय संस्थेचं एसएमएसचं बिल फुगतं आणि सभासदाच्या फोनवर मध्यरात्री एसएमएसचा पाऊस पडतो.

तिसरा हिशेब पत्त्याचा. इथे विनंत्या मोजल्या नाहीत. एका पत्त्यावरून किती वेगवेगळ्या सभासद क्रमांकांवर चूक झाली ते मोजलं. कारखान्याच्या पत्त्यावरून साठ सभासद येतात पण बहुतेक जण आत जातात. हल्लेखोराच्या पत्त्यावरून चारशे क्रमांक येतात आणि जवळपास सगळे चुकतात. दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त क्रमांक चुकले की कॅप्चा, तासात पन्नास झाले की “विनंत्या फार झाल्या” असं सांगणारा `429` हा कोड आणि किती वेळाने यायचं ते सांगणारा `Retry-After`. तेही फक्त कुकी नसलेल्यांना. यशस्वी लॉगिनने हा आकडा शून्य होत नाही. तसं केलं तर हल्लेखोर मध्ये मध्ये स्वतःच्या खात्यात शिरून पाटी कोरी करत राहतो.

चूक कधी मोजायची यावर डेव्हलपरशी बराच वाद झाला. जुना क्रम असा होता: पासवर्ड तपासा, चुकला तर एक वाढवा. बिक्रिप्टची तपासणी मुद्दाम संथ असते, सेकंदाचा काही भाग घेते. तेवढ्यात एकदम पन्नास विनंत्या सोडल्या तर सगळ्यांना आकडा शून्यच दिसतो आणि पन्नासही आत जातात. म्हणून आधी वाढवायचं, मग तपासायचं, बरोबर निघाला तर ते वाढवलेलं परत घ्यायचं. पत्त्याचा हिशेब रेडिस या झटपट चालणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवला होता, त्याची मुदतही त्याच फटक्यात बसवली:

```
MULTI
SADD  chuk:<patta> 482
EXPIRE chuk:<patta> 3600 NX
SCARD chuk:<patta>
EXEC
```

मुदत वेगळ्या पायरीने लावली आणि मध्येच प्रक्रिया मेली, तर ती नोंद कधीच पुसली जात नाही. कारखान्याच्या पत्त्याला कायमची अडवणूक होते आणि कारण कोणाला सापडत नाही. `EXPIRE` मधला `NX` रेडिस 7 पासून आहे, तो नसेल तर प्रत्येक नव्या चुकीने तास पुढे सरकत जातो.

उत्तर सगळ्यांना सारखं ठेवलं. अस्तित्वात नसलेल्या क्रमांकावरही मोजणी होते आणि थांबायला सांगितलं जातं, नाहीतर “थांबा” हाच संदेश खातं खरं असल्याची पावती ठरतो. थांबण्याच्या काळात पासवर्ड तपासलाच जात नाही.

अडवण्याआधीचे दहा दिवस

हे सगळं आधी नुसतं मोजून पाहिलं. दहा दिवस कोणालाही न अडवता “इथे अडवलं असतं” एवढी नोंद करायची, आणि त्याच वेळी यशस्वी लॉगिनवर कुकी वाटायला सुरुवात करायची. सचिवांना ही दिरंगाई वाटली, कारण लाभांश तोंडावर होता. पण पहिल्या दिवशी कोणाकडेच कुकी नसते. त्या क्षणी नियम लावला असता तर प्रत्येक सभासद अनोळखी ठरला असता.

त्या नोंदींतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. “अडवलं असतं” च्या यादीत सर्वांत वर काही खरे सभासद होते, त्यांच्याच फोनवरून, दर काही मिनिटांनी चुकणारे. संस्थेचं जुनं मोबाइल ॲप जतन केलेला पासवर्ड घेऊन मागच्या मागे लॉगिन करत होतं. शाखेत पासवर्ड बदलून घेतल्यावर ॲपला ते माहीतच नव्हतं, म्हणून ते जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं. तीनाच्या नियमाखाली अशांची खाती उघडल्यावर तासाभरात परत बंद होत असणार, आणि शाखेत त्यांना “नीट टाइप करा” असं ऐकावं लागत असणार. उपाय दोन केले: एकदा नाकारलं गेलं की ॲपने स्वतःहून पुन्हा प्रयत्न करायचा नाही, आणि तोच चुकीचा पासवर्ड लागोपाठ आला तर तो एकच अंदाज धरायचा. तेच ते पाठवून अंदाज करणाऱ्याच्या हाती नवीन काही लागत नाही.

निकाल

लाभांश जमा होण्याच्या आठवड्यात पुन्हा तशीच लाट आली, या वेळी दोनशेहून अधिक पत्त्यांवरून. पत्त्यांची संख्या वाढल्यामुळे तिसरा हिशेब पूर्वार्धात फारसा बोलला नाही. प्रत्येक पत्ता मर्यादेच्या खाली राहून काम करत होता. लाट लक्षात आली ती एका साध्या आलेखामुळे, जो संपूर्ण पोर्टलवरच्या चुकांचं प्रमाण दर पाच मिनिटांनी दाखवतो. एरवी पाच लॉगिनमागे एक चुकतं. त्या रात्री दहातले नऊ चुकत होते. गजर झाल्यावर डेव्हलपरने तासभरासाठी सगळ्या अनोळखी यंत्रांना ओटीपी लावला. कुकी असलेल्या सभासदांना काही कळलंही नाही. कोणतंही खातं उघडलं गेल्याचं आढळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाखांत पासवर्डासाठी आलेले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. त्यातले बहुतेक मोबाइल क्रमांक बदललेले निवृत्त.

वेगळं काय करता आलं असतं

सोमवारी सकाळीच, कुलपं एकेक काढत बसण्याऐवजी, रविवार रात्रीनंतर लागलेली सगळी कुलपं एकदम काढून पोर्टल दोन तास बंद ठेवता आलं असतं. रांगा टळल्या असत्या आणि शेकडो जन्मतारखा पासवर्ड झाल्या नसत्या. हा निर्णय कोणी घ्यायचा हेच संस्थेत ठरलेलं नव्हतं. आता ते काम व्यवस्थापकांकडे लेखी दिलं आहे.

चारशे क्रमांक चुकवणारा पत्ता पकडण्यापेक्षा क्रमांकांऐवजी सभासदाने निवडलेलं लॉगिन नाव देणं जास्त मुळावर घाव घालतं, असं मला अजूनही वाटतं. संस्थेने ते नाकारलं. पासबुकावर क्रमांक असतो, लोकांना तोच पाठ आहे, आणि आणखी एक विसरण्यासारखी गोष्ट वाढेल, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नाही.

एक प्रश्न उघडा आहे. कुटुंबात एकाच फोनवरून नवरा-बायको आणि सासरे अशी तीन खाती चालतात. कुकी खात्यागणिक असल्याने लॉगिनला अडचण नाही, पण ओटीपी तिघांचाही त्याच फोनवर येतो. त्या फोनचा ताबा ज्याच्याकडे, त्याला तिन्ही खाती. बँक खातं बदलण्याच्या अर्जाला लागणारी कागदावरची सही काढून सगळं ऑनलाइन करावं, अशी सूचना येत्या सभेपुढे आहे. आम्ही तिला विरोध कळवला आहे.